कोणी सांडलं पाणी?

लोकमान्य टिळकांच्या शेंगांची गोष्ट महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. वर्गात टरफलं पडलेली, गुरुजी रागावलेले, आणि मी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफलंही उचलणार नाही असं ठणकावणारा बाळ. १ ऑगस्ट आला की कुठल्या ना कुठल्या शाळेत हा प्रसंग एखादा चिमुकला फेटा बांधून करून दाखवतो. त्या गोष्टीत एक मुलगा मात्र आपल्याला कधीच दिसत नाही. शेंगा खाणारा. तो वर्गातच कुठेतरी बसलेला असणार. दुसऱ्यावर आळ येताना त्याने पाहिलं असणार आणि तो गप्प राहिला असणार. आठ वर्षांच्या मुलांसाठी प्रामाणिकपणावर नाटुकलं लिहायचं असेल, तर माझ्या मते ते या मुलाचं असावं. ज्याने काही केलंच नाही, त्याला खरं बोलण्यासाठी ताठ कणा लागतो हे मान्य. पण ज्याच्या हातून चूक झाली आहे, त्याच्यापुढचा प्रश्न कितीतरी अवघड असतो, आणि तिसरीतल्या मुलांच्या रोजच्या आयुष्यात तोच जास्त वेळा येतो.

शाळांमधून होणारी बहुतेक नाटुकली हा प्रश्न टाळतात. एक खोटारडा मुलगा आणि एक गुणी मुलगा अशी वाटणी करतात. खोटारडा शेवटी पकडला जातो, रडतो, आणि गुणी मुलगा पुढे येऊन चार ओळींचा उपदेश करतो. 'लांडगा आला रे आला' हे याच घराण्यातलं. अशा गोष्टींचा मुलांवर काय परिणाम होतो, हे कॅनडातल्या कांग ली आणि व्हिक्टोरिया तलवार या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठीमागे ठेवलेलं खेळणं आवाजावरून ओळखायला सांगितलं आणि 'वळून बघू नकोस' असं बजावून संशोधक काही वेळ बाहेर गेले. बरीच मुलं अर्थातच वळून बघतात. मग मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि त्यानंतर विचारलं, 'तू पाहिलंस का?' लांडग्याची गोष्ट ऐकलेली आणि पिनोकिओची गोष्ट ऐकलेली मुलं इतरांइतकीच खोटं बोलली. लांडग्याने खाल्लं, नाक लांब झालं, या भीतीने काहीच साधलं नाही. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने. लहानगा जॉर्ज चेरीचं झाड तोडतो, वडिलांपाशी कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. ही गोष्ट ऐकलेल्या मुलांमध्ये खरं सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पुढे संशोधकांनी याच गोष्टीचा शेवट बदलला आणि खरेपणाच्या कौतुकाऐवजी खोटेपणाच्या वाईट परिणामांवर भर दिला. तेव्हा परिणाम नाहीसा झाला.

ही मुलं आपल्या तिसरीच्या मुलांपेक्षा थोडी लहान, आणि प्रयोग गोष्टीचा होता, नाटकाचा नव्हता. तरी लिहिणाऱ्याला यातून एक दिशा मिळते. खोटं बोलणाऱ्याचं काय वाईट झालं हे दाखवण्यापेक्षा, खरं सांगितलं तेव्हा समोरच्या मोठ्या माणसाने ते कसं ऐकून घेतलं हे दाखवावं. गांधीजींच्या आत्मकथेतही हे दोन टोकांचे दोन प्रसंग आहेत. लहानपणी त्यांनी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि ते त्यांच्या मनात इतकं घोळत राहिलं की स्वतःशीच ते पुन्हा पुन्हा करत असत. नंतर पंधराव्या वर्षी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरल्याची कबुली त्यांनी चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी शिक्षा केली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. नाटकाने मनात ओढ निर्माण केली, पण पुन्हा खरं सांगण्याचं बळ वडिलांनी ती चिठ्ठी ज्या तऱ्हेने वाचली त्यातून आलं असावं, असं मला वाटतं.

बक्षिसाचं मात्र जपून. लाकूडतोड्याला खरं बोलल्याबद्दल सोन्याची कुऱ्हाड मिळते, तेव्हा मुलांचं लक्ष कुऱ्हाडीकडेच जातं. खरं बोलणं हा मग सौदा होतो, आणि घरी फुटलेल्या कपाबद्दल खरं सांगून सोनं मिळत नाही हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळतं.

आता दुसरी अडचण, एकाच तालमीची. १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणून मराठी बालनाट्याला नवं वळण दिलं, तेव्हापासून मुलांचं नाटक म्हणजे नेपथ्य, प्रकाश आणि भरपूर तालमी असं आपल्या डोळ्यांपुढे येतं. शाळेत परवा कार्यक्रम असतो आणि आज तिसऱ्या तासानंतर वर्ग मोकळा मिळतो. पाठांतराला वेळ नसतो. अशा वेळी 'सोपं लिहा' एवढं म्हणून भागत नाही. संहितेची रचनाच अशी हवी की विसरायला फारसं काही उरू नये. मुलं सहसा काय विसरतात? लांब वाक्यं, रंगमंचावर कधी यायचं नि कधी जायचं, आणि आधीच्या वाक्याशी जोड नसलेलं स्वतःचं वाक्य. म्हणून खालच्या संहितेत कोणी आत येत नाही, बाहेर जात नाही. सगळा वर्ग सुरुवातीपासून रंगमंचावर अर्धगोलात बसलेला आहे. बहुतेक वाक्यं प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि प्रश्न सगळा वर्ग मिळून विचारतो. प्रश्न कानावर पडला की उत्तर आपसूक येतं. कावळा-चिमणीची गोष्ट दोन-अडीच वर्षांचं मूलही सांगू शकतं ते याच कारणाने.

पात्रं अशी : सायली, ओंकार, राजू, अमीना, पिंकी, एक मांजर, आणि उरलेला सगळा वर्ग. बाईंचं काम खऱ्या वर्गशिक्षिकेनेच करावं. गुरुजी असतील तर 'बाई'च्या जागी 'गुरुजी'. सामान म्हणजे तळ्याच्या चित्राचे दोन तक्ते, एक नीट आणि एक रंग ओघळलेला, पुठ्ठ्याची फळी, एक खुर्ची, पाण्याची मोठ्या तोंडाची रिकामी बाटली आणि तिच्यात कोंबलेली निळी ओढणी. फळी खुर्चीला सुतळीने घट्ट बांधायची. खराब तक्ता तिच्यावर चिकटवायचा आणि नीट तक्ता त्यावर एका चिमट्याने अलगद अडकवायचा.

(वर्ग अर्धगोलात बसलेला. मधे चित्र. सायली ब्रश फिरवते आहे.)

वर्ग : (टाळीच्या ठेक्यात) काय काढलं? काय काढलं?
सायली : तळं काढलं!
वर्ग : तळ्यात काय? तळ्यात काय?
सायली : कमळं दहा!
वर्ग : काठावर? काठावर?
सायली : बगळा एक!
बाई : वा सायली! उद्या हे प्रदर्शनात लावू. चला, सुट्टी!
वर्ग : टण टण टण! सुट्टी झाली!

(ओंकार सोडून सगळे बसल्या जागी प्रेक्षकांकडे पाठ करतात.)

ओंकार : तहान लागली! (बाटली उघडू लागतो) झाकण घट्ट आहे. (जोर लावतो) अरे, अरे, अरे!

(बाटलीतून ओढणी सळकन बाहेर येऊन चित्रावर पडते.)

वर्ग : (पाठमोरे) धबाक!

(ओंकार ओढणी ओढतो. तिच्यासोबत वरचा तक्ताही निघतो. खराब चित्र दिसतं.)

ओंकार : बगळा गेला! कमळं गेली! (इकडेतिकडे बघत) कोणी पाहिलं?
वर्ग : (पाठमोरे, हळू) कोणी नाही. कोणी नाही.

(ओंकार ओढणी आणि बाटली पाठीमागे लपवून जागेवर बसतो.)

वर्ग : (वळून) टण टण टण! सुट्टी संपली!
सायली : बाई! माझं चित्र!
बाई : अरे अरे! कोणी सांडलं पाणी?
वर्ग : कोणी सांडलं? कोणी सांडलं?
अमीना : मी नाही! मी डबा खात होते.
वर्ग : कोणी सांडलं? कोणी सांडलं?
पिंकी : मी नाही! मी लंगडी खेळत होते.
वर्ग : कोणी सांडलं? कोणी सांडलं?
मांजर : म्यांव नाही! मी उंदीर शोधत होते.
वर्ग : (ओंकारकडे वळून) कोणी सांडलं? कोणी सांडलं?
ओंकार : मी... मी नाही.
वर्ग : मग कोण? मग कोण?
पिंकी : राजू असेल!
अमीना : नेहमी राजूच असतो!
वर्ग : (बोट दाखवत) राजू! राजू! राजू!
राजू : (उभा राहून) मी नाही! खरंच मी नाही!
वर्ग : राजू! राजू! राजू!
राजू : कोणी ऐकतच नाही माझं.

(राजू खाली बसतो. वर्ग बोटं तशीच ठेवून पुतळ्यासारखा स्तब्ध. फक्त ओंकार उठून पुढे येतो.)

ओंकार : (प्रेक्षकांना) राजूने काही केलं नाही. मला माहीत आहे. पोटात कसंतरी होतंय.
डावीकडचा वर्ग : सांग!
उजवीकडचा वर्ग : नको!
डावीकडचा वर्ग : सांग!
उजवीकडचा वर्ग : नको!

(आवाज वाढत जातो. ओंकार कानावर हात ठेवतो.)

ओंकार : थांबा! (शांतता) मी. मी सांडलं पाणी.
सगळे : ओंकार?
ओंकार : झाकण घट्ट होतं. मुद्दाम नाही केलं. पण मघाशी खोटं बोललो.
बाई : सांगितलंस, बरं झालं. अवघड होतं ना?
ओंकार : खूप.
बाई : आता राजूशी बोल.
ओंकार : राजू, तुझं नाव आलं. मी गप्प बसलो. चुकलं माझं.
अमीना आणि पिंकी : आमचंही चुकलं.
राजू : मला खूप राग आला होता.
ओंकार : अजून आहे?
राजू : थोडा. पाणी दे, तहान लागली.
ओंकार : (बाटली उलटी धरून) सगळं सांडलं ना!

(सगळे हसतात. राजूही.)

सायली : आणि माझं चित्र?
ओंकार : मी नवा कागद आणतो. पण मला बगळा येत नाही.
सायली : बगळा मी काढते.
राजू : कमळं मी काढतो.
मांजर : म्यांव! मासे मी काढते.

(सगळे चित्राभोवती जमून हवेत ब्रश फिरवतात. प्रेक्षकांकडे तोंड.)

बाई : काय काढलं? काय काढलं?
सगळे : तळं काढलं!
बाई : कोणी काढलं? कोणी काढलं?
एकेक जण : मी! मी! मी! मी!
मांजर : म्यांव!

(सगळे नमस्कार करतात.)

नीट पाहिलं तर सबंध नाटक 'कोणी?' या प्रश्नावर चालतं. पहिल्या वेळी प्रत्येक जण 'मी नाही' म्हणतो. मधे एकटा ओंकार 'मी' म्हणतो. शेवटी त्याच ठेक्यातल्या प्रश्नाला सगळे हात वर करून 'मी' म्हणतात. अमीना किंवा पिंकी आपलं वाक्य अर्धं विसरली आणि नुसतं 'मी नाही' म्हणाली, तरी नाटक अडत नाही. एकट्याने बोलायचं सर्वांत जास्त ओंकारला आहे, म्हणून तिथे मूल निवडताना हुशारी किंवा पाठांतर बघू नये. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो का आणि ते मूल घाई न करता बोलतं का, एवढंच बघावं.

निवडीत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. वर्गात ज्याचं नाव खरोखरच नेहमी पुढे येतं, त्याला राजू करू नये. 'राजू! राजू!' म्हणत वीस बोटं त्याच्याकडे वळली तर तो अभिनय राहत नाही. त्याच मुलाला ओंकारही करू नये, कारण पाणी सांडणं त्याला आयुष्यभर चिकटेल. त्याला मांजर द्या. या नाटकात हशा मांजराला मिळतो, आणि अशा मुलाला वर्गाने हसून दाद देणं फार उपयोगी पडतं. राजूसाठी मित्रमंडळ मोठं असलेलं, सहसा हिरमुसलं न होणारं मूल घ्यावं.

तालमीला पाऊण तास पुरतो. कागद वाटू नयेत. कागद हातात आला की मुलं वाचतात, आणि वाचलेलं वाक्य सपाट येतं. पहिली पाच मिनिटं गोष्ट तोंडी सांगावी आणि ओंकारने 'मी नाही' म्हटल्यावर थांबून विचारावं, 'आता काय होईल?' मुलं लगेच राजूच्या बाजूने भांडायला उठतात. या वयात न्याय-अन्यायाची चाड तीव्र असते. पुढची दहा मिनिटं फक्त वर्गाचे प्रश्न टाळीवर बसवावेत. दोन टाळ्यांत एक प्रश्न, म्हणजे 'कोणी सांडलं' पहिल्या टाळीवर आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या टाळीवर. वेग वाढू द्यायचा नाही. मुलं समूहाने बोलताना शेवटच्या अक्षरांकडे धावतात आणि 'सांडलं'चं 'साण्ं' होतं. ते होऊ लागलं की प्रश्न कुजबुजत म्हणायला लावावा. कुजबुजताना ओठ आपोआप नीट हलतात आणि मोठ्याने म्हणताना तीच स्पष्टता टिकते.

मग ओढणी. तक्ता सुटण्याची ही युक्ती जमली तर प्रेक्षकांमधून 'आ' असा आवाज येतो, आणि फसली तर नाटकाचा कणाच मोडतो. म्हणून संवादांआधी ती तीन-चारदा करून घ्यावी. ओढणी तक्त्याच्या वरच्या कडेवर पडायला हवी. ओंकारने ओढणी आणि कागदाची कड एकत्र चिमटीत धरून खाली ओढायचं, स्वतःकडे नाही. स्वतःकडे ओढली की फळी खुर्चीसकट पुढे येते. चिमटा घट्ट असेल तर कागद फाटतो, म्हणून स्प्रिंग सैल झालेला जुना कपड्यांचा चिमटा बघावा. ओढणी बाटलीत अडकते का तेही आधी पाहावं. ती गोळा करून न कोंबता एका टोकापासून घडी घालत आत सोडली, तर सळसळत बाहेर येते.

यानंतर संपूर्ण नाटक दोनदा. पहिल्यांदा मधे थांबून, दुसऱ्यांदा काहीही झालं तरी न थांबता. दुसऱ्या वेळी मुलं चुकतील, चुकू द्यावीत. चूक झाल्यावर एकमेकांकडे न बघता पुढचा प्रश्न विचारायचा, एवढी सवय लागली की झालं. प्रेक्षकांकडे पाठ होण्याची भीती मोठ्यांना फार असते. इथे वर्ग अर्धगोलात बसलेला असल्याने ती कमी आहे. फक्त शेवटी चित्राभोवती जमताना सगळे चित्राकडे तोंड करतात. त्यासाठी खुर्चीच्या मागे खडूने रेघ मारावी आणि सगळ्यांनी तिच्या मागे उभं राहावं.

तालीम पुरी झाली की नाही हे एका युक्तीने कळतं. 'ओंकारने कान झाकल्यावर काय म्हणायचं?' असं सगळ्या वर्गाला विचारावं. चहूकडून हात वर आले, तर नाटक वर्गाचं झालं. मग उद्या ओंकार तापाने आला नाही तरी दुसरं कोणीही उभं राहू शकतं. हात एक-दोनच वर आले, तर नाटक अजून मोजक्या मुलांचंच आहे आणि आणखी एक फेरी हवी.

बाईंचं काम वर्गशिक्षिकेने करायचं, यामागे एक खास कारण आहे. विंगेतून दिलेला आवाज मुलांना गोंधळवतो आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जातो. रंगमंचावरच्या बाई मात्र आपल्या भूमिकेतून आठवण करून देऊ शकतात. राजू गप्प झाला तर 'राजू, तुला काही सांगायचंय?' पिंकी अडकली तर 'पिंकी, तू कुठे होतीस गं सुट्टीत?' प्रेक्षकांना ते नाटकाचाच भाग वाटतं.

एका जागी मात्र बाईंनीही तोंड उघडू नये. 'थांबा!' म्हटल्यानंतर ओंकारने मनात तीन अंक मोजायचे आहेत आणि मगच 'मी' म्हणायचं आहे. तीन अंक मनात मोजत थांबणं मुलाला युगासारखं वाटतं, आणि विंगेत उभ्या असलेल्या मोठ्यांना त्याहून जास्त. कोणीतरी हमखास कुजबुजतं, 'अरे बोल ना.' ती कुजबुज नाटकातला सर्वांत मौल्यवान क्षण खाऊन टाकते. विचारलं जाणं आणि उत्तर देणं यांच्यामधल्या जागेतच मूल ठरवत असतं. प्रेक्षकांतल्या प्रत्येक मुलाने ती जागा कधी ना कधी पोटात अनुभवलेली असते, आणि इथे ती त्यांना बाहेरून दिसते. तालमीत ओंकारला पाठीमागे अंगठ्याने बोटं दाबत मोजायला शिकवावं. हाताला काम मिळालं की मूल घाबरत नाही.

त्यानंतरचं बाईंचं वाक्यही जसंच्या तसं ठेवावं. अनेकांना तिथे मोठं बोलावंसं वाटतं. 'शाब्बास, खरं बोलणारा नेहमी जिंकतो' वगैरे. पण ओंकारने अजून काही जिंकलेलं नाही. चित्र खराब आहे आणि राजू दुखावलेला आहे. 'सांगितलंस, बरं झालं. अवघड होतं ना?' या वाक्यात मुलाच्या धैर्याची दखल आहे आणि पुढच्या कामाकडे जायला वाटही आहे. लगेच 'राजूशी बोल' येतं, कारण ओंकारच्या गप्प बसण्याने ज्याचं नुकसान झालं तो समोर बसला आहे. राजूचा राग 'थोडा' उरलेला आहे, तोही पुसून टाकू नये. माफी मागितली की समोरच्याने तत्क्षणी हसावं अशी सक्ती आपण मुलांवर फार करतो.

कार्यक्रमात निवेदन करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की नाटकानंतर तात्पर्य सांगायचं नाही. टाळ्या संपल्या की थेट पुढच्या कार्यक्रमाचं नाव घ्यायचं. बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावं, आणि 'यातून काय शिकलात' असं न विचारता 'पिंकीने राजूचं नाव का घेतलं असेल?' असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर नाटकात दिलेलं नाही, त्यामुळे मुलांना ते स्वतःच्या वर्गात शोधावं लागतं. 'राजू नेहमी त्रास देतो म्हणून' असं कोणीतरी सांगतं. दुसरं कोणी म्हणतं, 'स्वतःचं नाव येऊ नये म्हणून.' तिथून पुढे शिक्षिकेने कमी बोलावं. आणि वेळ असेल, तर त्याच आठवड्यात पात्रं बदलून हेच नाटक पुन्हा करावं. आज बोट दाखवणारी पिंकी उद्या राजू होते, आणि 'कोणी ऐकतच नाही माझं' हे वाक्य तिच्या तोंडी येतं.